टपालाने होकार, टपालाने माघार: करार नक्की केव्हा झाला? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

खालचे सगळे प्रश्न एकाच काल्पनिक व्यवहाराभोवती फिरतात. सांगलीचे एक हळद व्यापारी आणि नागपूरचे एक मसाला उत्पादक. त्यांना आपण सांगलीकर आणि नागपूरकर म्हणू. त्यांच्यात झालेली निरोपांची देवाणघेवाण अशी:

सोमवार ३ मार्च, दुपारी ३. सांगलीकर स्पीड पोस्टने पत्र टाकतात: "कांडी हळद ५० क्विंटल, १४,००० रुपये क्विंटल दराने देऊ. मान्य असल्यास टपालाने कळवावे."

बुधवार ५ मार्च, दुपारी ४. बाजारात भाव चढतो. सांगलीकर दुसरं पत्र टाकतात: "३ तारखेचा प्रस्ताव मागे घेत आहोत."

गुरुवार ६ मार्च, सकाळी ११. पहिलं पत्र नागपूरला पोचतं. नागपूरकर ते वाचतात.

शुक्रवार ७ मार्च, सकाळी ११.३०. नागपूरकर "मान्य आहे" असं पत्र पोस्टाच्या खिडकीवर देऊन पावती घेतात.

शनिवार ८ मार्च, दुपारी १. सांगलीकरांचं माघारीचं पत्र नागपूरला पोचतं.

सोमवार १० मार्च, सकाळी १०.१५. नागपूरकरांना दुसरीकडे स्वस्त माल मिळतो. ते सांगलीकरांना फोन करतात: "आमचं होकाराचं पत्र येतंय, पण तो होकार आम्ही मागे घेतोय."

सोमवार १० मार्च, दुपारी १२.३०. होकाराचं पत्र सांगलीला पोचतं.

हे सोडवायला सुरुवात कुठून करायची?

"करार कधी झाला?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी प्रत्येक निरोपासमोर एक प्रश्न लिहा: हा निरोप कोणाविरुद्ध पूर्ण झाला, आणि कधी?

भारतीय करार कायदा, १८७२ यातलं कलम ४ नेमकं हेच विचारतं. प्रस्तावाचा निरोप समोरच्याला कळला की पूर्ण होतो. तिथे एकच तारीख असते. स्वीकृतीला मात्र दोन तारखा असतात. प्रस्ताव देणाऱ्याविरुद्ध ती पूर्ण होते ती स्वीकारणाऱ्याने निरोप वाटेला लावला आणि तो त्याच्या हाताबाहेर गेला त्या क्षणी. स्वीकारणाऱ्याविरुद्ध पूर्ण होते ती प्रस्ताव देणाऱ्याला कळल्यावर. माघारीलाही अशाच दोन तारखा: पाठवणाऱ्याविरुद्ध रवाना होताना, आणि ज्याला पाठवली त्याच्याविरुद्ध त्याला कळल्यावर.

मग कलम ५ या तारखा वापरून रेषा आखतं. प्रस्ताव मागे घेता येतो तो स्वीकृती प्रस्ताव देणाऱ्याविरुद्ध पूर्ण होण्याआधी. स्वीकृती मागे घेता येते ती स्वीकृती स्वीकारणाऱ्याविरुद्ध पूर्ण होण्याआधी. मी वर्गात हा विषय शिकवतो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या बहुतेक चुका या "विरुद्ध" शब्दाकडे दुर्लक्ष झाल्याने होतात. कायदा तोंडपाठ असतो, पण पाहिजे त्या पक्षाची तारीख घेतली जात नाही.

सांगलीकरांनी माघारीचं पत्र ५ तारखेला टाकलं, होकार ७ तारखेचा आहे. मग माघार आधीची नाही का?

टाकण्याच्या तारखा पाहिल्या तर आधीची आहे. पण माघारीच्या बाबतीत टाकण्याची तारीख नागपूरकरांना लागू होत नाही. त्यांच्याविरुद्ध माघार पूर्ण झाली ती ८ मार्चला दुपारी १ वाजता, म्हणजे पत्र त्यांच्या हातात पडलं तेव्हा. तोवर होकाराचं पत्र पोस्टाच्या ताब्यात जाऊन पंचवीस तासांहून जास्त वेळ झाला होता. ७ मार्चला सकाळी ११.३० वाजता स्वीकृती सांगलीकरांविरुद्ध पूर्ण झाली, आणि त्याच क्षणी त्यांची प्रस्ताव मागे घेण्याची मुदत संपली. ५ तारखेचं पत्र वाया गेलं.

यामागचं कारण साधं आहे. ७ तारखेला सकाळी नागपूरकरांच्या टेबलावर एक जिवंत प्रस्ताव होता आणि तो रद्द झाल्याची त्यांना काहीच कल्पना नव्हती. सांगलीकरांच्या मनात काय चाललंय किंवा वाटेत कुठलं पत्र धावतंय, यावर नागपूरकरांचं भवितव्य टांगून ठेवता येत नाही.

इंग्लंडमध्ये याच घडणीचा एक खटला १८८० मध्ये निकाली निघाला: बर्न विरुद्ध व्हॅन टिएनहोवन. कार्डिफच्या विक्रेत्याने १ ऑक्टोबर १८७९ रोजी न्यूयॉर्कच्या खरेदीदाराला पत्रा, म्हणजे टिनप्लेट, विकण्याचा प्रस्ताव टपालाने पाठवला. ८ ऑक्टोबरला त्याने माघारीचं पत्र टाकलं. प्रस्ताव ११ ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचला आणि खरेदीदाराने त्याच दिवशी तारेने होकार दिला. माघारीचं पत्र पोचलं २० ऑक्टोबरला. न्यायालयाने ठरवलं की माघार पोचल्याशिवाय तिचा परिणाम होत नाही; करार ११ ऑक्टोबरलाच झाला. सांगली-नागपूरचं अंतर अटलांटिकपेक्षा खूपच कमी, पण तारखांची रचना तीच.

मग कलम ४ माघार "पाठवणाऱ्याविरुद्ध" रवाना होतानाच पूर्ण होते असं म्हणतं, त्याचा उपयोग काय?

त्याचा अर्थ इतकाच की ५ मार्चनंतर सांगलीकर स्वतः "मी माघार घेतलीच नव्हती" असं म्हणू शकत नाहीत. पाठवलेल्या निरोपाला ते बांधलेले राहतात. नागपूरकरांचा हक्क मात्र त्यामुळे कमी होत नाही. उत्तरपत्रिकेत हे वाक्य अनेकदा उलटं लागू केलं जातं: माघार ५ तारखेला पूर्ण, म्हणून ७ तारखेचा होकार निरुपयोगी. ते चूक आहे, कारण नागपूरकरांवर परिणाम घडवणारी तारीख ८ आहे.

म्हणजे ७ मार्चला करार झाला?

सांगलीकर बांधले गेले हे नक्की. नागपूरकर मात्र अजून बांधले गेले नव्हते.

हाच भाग भारतीय कायद्याचा वेगळेपणा दाखवतो. इंग्लंडच्या टपाल नियमानुसार होकाराचं पत्र टाकलं की करार होतो आणि दोघेही बांधले जातात. भारतात पत्र टाकल्यावर फक्त प्रस्ताव देणारा अडकतो. स्वीकारणाऱ्याला पत्र समोरच्याला कळेपर्यंत मोकळीक राहते. आपल्या व्यवहारात ही मोकळीक ७ मार्च सकाळी ११.३० पासून १० मार्च दुपारी १२.३० पर्यंत होती, म्हणजे तीन दिवस आणि एक तास.

या काळात नागपूरकर बाजार पाहत बसू शकतात. भाव वाढला तर पत्र जाऊ द्यायचं, भाव पडला तर फोन करून होकार मागे घ्यायचा. सांगलीकरांना असा काहीच पर्याय नाही. माझ्या मते हा असमतोल खरा आहे आणि तो मान्य करूनच कलम वाचलं पाहिजे. पण १८७२ च्या कायद्याने हा तोल जाणूनबुजून एका बाजूला झुकवला आहे, कारण टपालाची वाट प्रस्ताव देणाऱ्यानेच निवडलेली असते आणि त्या वाटेच्या अटी ठरवण्याची संधीही त्याच्याकडेच असते. ती संधी कशी वापरायची, ते पुढे येईल.

१० मार्चच्या सव्वादहाच्या फोनने शेवटी काय झालं?

फोन पोचला १०.१५ ला, पत्र पोचलं १२.३० ला. सांगलीकरांना माघार आधी कळली आणि होकार नंतर. स्वीकृती नागपूरकरांविरुद्ध अजून पूर्ण झाली नव्हती, म्हणून ती मागे घेता येत होती आणि मागे घेतली गेली. करार झाला नाही. साडेबाराला पोचलेलं पत्र हा फक्त कागद.

गंमत अशी की इथे दोघांनीही माघार घेतली. सांगलीकरांनी आधी घेतली, पण ती लागू पडली नाही. नागपूरकरांनी नंतर घेतली, ती लागू पडली. आधी कोणी ठरवलं याला महत्त्व नव्हतं. कोणाचा निरोप कुठल्या क्षणाआधी पोचला याला होतं. तरीही वस्तुस्थिती अशी की सांगलीकरांना हवं तेच झालं, फक्त त्यांच्या पत्रामुळे झालं नाही.

आता एकच गोष्ट बदलू. समजा नागपूरकरांनी दुपारी १ वाजता फोन केला. तोवर पत्र पोचून अर्धा तास झाला होता. करार झाला, आणि आता नागपूरकर माल घेत नसतील तर सांगलीकर नुकसानभरपाई मागू शकतात.

नागपूरकरांनी फोनऐवजी पत्राने किंवा ईमेलने माघार घेतली असती तर?

पत्राने घेतली असती तर ती होकाराच्या मागे राहण्याचीच शक्यता जास्त. ७ तारखेला टाकलेल्या पत्राला ८ तारखेला टाकलेलं पत्र क्वचितच गाठतं. म्हणूनच करार कायद्यातल्या उदाहरणात होकाराची माघार तारेने जाते. भारतातली तारसेवा १५ जुलै २०१३ रोजी बंद झाली, त्यामुळे तारेची जागा आता फोन, ईमेल आणि मेसेजनी घेतली आहे.

ईमेलचा धोका वेगळा आहे. सव्वादहाला पाठवलेला ईमेल सांगलीकरांनी दुपारी दोनला वाचला, तर वाद निर्माण होणार. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १३ नुसार, समोरच्याने निरोप घेण्यासाठी एखादी संगणक व्यवस्था ठरवून दिली असेल, तर निरोप त्या व्यवस्थेत शिरला तेव्हाच मिळाला असं धरतात. तशी ठरवलेली नसेल, तर त्याच्या व्यवस्थेत शिरल्यावर. आणि ठरवलेली असूनही भलत्याच ठिकाणी पाठवला, तर तो उघडल्यावर. त्यामुळे सांगलीकरांच्या पत्रशीर्षावर छापलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवणं आणि त्यांच्या पुतण्याच्या खासगी पत्त्यावर पाठवणं यात फरक पडतो. शहाणपण हे की ईमेल पाठवावा आणि लगेच फोनही करावा.

होकार आणि त्याची माघार एकाच थैलीतून, एकाच वेळी पोचली तर?

कलम ५ खालचं उदाहरण स्वीकारणाऱ्याच्या बाजूचं आहे. पत्र पोचण्याआधी "किंवा पोचण्याच्या त्या क्षणी" होकार मागे घेता येतो, असं ते सांगतं. दोन्ही लिफाफे एकत्र आले तर माघार टिकते, असंच मी वाचतो. कुठला लिफाफा आधी फोडला यावर सगळं अवलंबून ठेवणारंही एक मत आहे. मला ते पटत नाही, कारण त्यात समोरच्याच्या हाताच्या चपळाईवर करार ठरतो.

स्कॉटलंडमध्ये १८३० साली अशीच वेळ आली होती. एका बाईंना कामावर घेण्याचा होकार टपालात पडला, पाठोपाठ तो रद्द करणारं पत्रही पडलं, आणि दोन्ही पत्रं एकाच वेळी हातात आली. न्यायालयाने करार झाला नाही असं ठरवलं. तो खटला डनमोरच्या काउंटेस विरुद्ध अलेक्झांडर या नावाने ओळखला जातो.

पत्र सांगलीकरांच्या कारकुनाने १२.३० ला घेतलं, पण मालक मार्केट यार्डात होते. त्यांनी ते चारला वाचलं, आणि फोन तीनला आला. मग?

कलमात "कळणं" असा शब्द आहे, उदाहरणात "मिळणं". व्यापारी पेढीच्या बाबतीत रोजची डाक घेण्यासाठी नेमलेल्या माणसाच्या हाती पत्र गेलं, की पेढीला ते मिळालं असं धरणं योग्य. नाहीतर कोणीही लिफाफा न फोडता टेबलावर ठेवून देईल आणि करार लांबवेल. म्हणून तीनच्या फोनवर नागपूरकरांनी भरवसा ठेवू नये. होकार मागे घ्यायचा असेल तर पत्र दारात येण्याआधीच घ्यावा, आणि स्पीड पोस्टचा माग काढून ते कुठवर आलंय ते पाहावं.

होकाराचं पत्र वाटेतच हरवलं तर?

सांगलीकर बांधलेले राहतात, कारण त्यांच्याविरुद्ध स्वीकृती पत्र टाकतानाच पूर्ण झाली. पत्र पोचलं नाही याचा त्याच्याशी संबंध नाही.

इंग्लंडमधला १८७९ चा हाउसहोल्ड फायर इन्शुरन्स कंपनी विरुद्ध ग्रँट हा खटला याचंच टोकाचं उदाहरण आहे. ग्रँटने शेअर मागितले, कंपनीने वाटपाचं पत्र टाकलं, ते त्याला कधीच मिळालं नाही. कंपनी बुडाली तेव्हा त्याच्याकडे शेअरची उरलेली रक्कम मागितली गेली, आणि बहुमताने तो भागधारक ठरला. न्यायमूर्ती ब्रॅमवेल यांनी विरुद्ध मत दिलं: न पोचलेला निरोप हा निरोपच नव्हे.

भारतात याला आणखी एक पदर आहे. पत्र कधीच पोचलं नाही, तर स्वीकृती नागपूरकरांविरुद्ध कधीच पूर्ण झाली नाही. म्हणजे सांगलीकर अडकलेले, नागपूरकर मोकळे. ही स्थिती दीर्घकाळ चालू देणं दोघांच्याही हिताचं नाही. आठवडाभर उत्तर आलं नाही तर सांगलीकरांनी फोन करून विचारावं, एवढाच व्यवहारी उपाय.

पत्ता चुकला तर?

चूक कोणाची ते पाहायचं. नागपूरकरांनी पत्त्यावर सांगलीऐवजी सातारा लिहिलं, तर पत्र सांगलीकरांकडे जाणाऱ्या वाटेला लागलंच नाही. अशा वेळी टाकण्याची तारीख त्यांना मिळू नये. पण सांगलीकरांनीच पत्रशीर्षावर जुना पत्ता ठेवला असेल आणि नागपूरकरांनी तोच उतरवला असेल, तर त्याचा तोटा सांगलीकरांनी सोसावा.

टपाल नियमाचा उगमच अशा एका चुकीत आहे. अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल, १८१८. लोकरीच्या व्यापाऱ्याने २ सप्टेंबर १८१७ रोजी ब्रॉम्सग्रोव्हच्या ग्राहकाला पत्र लिहिलं, पण पत्त्यात परगणा चुकवला. पत्र ५ तारखेला संध्याकाळी पोचलं. ग्राहकाने त्याच संध्याकाळी होकार टाकला. विक्रेत्याने ७ तारखेपर्यंत उत्तराची वाट पाहिली, ८ ला लोकर दुसऱ्याला विकली, आणि ९ ला होकार हातात आला. न्यायालयाने करार झाल्याचं ठरवलं आणि उशीर विक्रेत्याच्याच चुकीने झाला हेही नोंदवलं.

"वाटेला लावणं" म्हणजे नक्की काय? पेटीत टाकणं, पोस्टमनला देणं, ऑफिसच्या माणसाला देणं?

कसोटी एकच: ते पत्र नागपूरकरांच्या ताब्याबाहेर गेलं का? लाल पेटीत टाकलं, खिडकीवर देऊन पावती घेतली, तर गेलं. सकाळी अकराला लिहून ऑफिसच्या माणसाला "पोस्टात टाकून ये" म्हणून दिलं आणि तो चहाला थांबला, तर ते अजून तुमच्याच माणसाकडे आहे. तुम्ही त्याला परत बोलावू शकता. त्याने पोस्टात टाकलं तीच वेळ खरी.

घरी पत्र वाटायला आलेल्या पोस्टमनच्या हातात देणंही धोक्याचं. बाहेर जाणारी पत्रं स्वीकारण्याचा अधिकार त्याला नसेल, तर तिथे तो तुमचा माणूस ठरतो. इंग्लंडमधल्या १९०० सालच्या एका शेअर प्रकरणात पत्र पोस्टमनकडे दिल्याने फार मोलाचा वेळ गेला, आणि माघार आधी पोचली.

माघार सांगलीकरांकडून न येता बाजारातून कळली तर चालेल का?

समजा ७ तारखेला सकाळी दहाला नागपूरकरांना एका दलालाकडून कळलं की सांगलीची ती हळद विकली गेली. इंग्लंडमध्ये डिकिन्सन विरुद्ध डॉड्स या १८७६ च्या निकालाप्रमाणे, भरवशाच्या तिसऱ्या माणसाकडून कळलं तरी प्रस्ताव संपतो. आपल्या कलम ६ ची भाषा मात्र "प्रस्ताव देणाऱ्याने समोरच्याला दिलेली सूचना" अशी आहे. म्हणून दलालाच्या बोलण्यावर सांगलीकरांनी विसंबू नये. स्वतः फोन उचलावा.

आणि त्यांनी खरंच तसं करायला हवं होतं. ५ तारखेला पत्र टाकण्याऐवजी ६ तारखेला सकाळी फोन केला असता, तर प्रस्ताव सरळ संपला असता. त्यांचं नुकसान कायद्याने केलं नाही. घाईच्या निरोपासाठी संथ वाट निवडल्याने झालं.

"१५ मार्चपर्यंत प्रस्ताव खुला" असं लिहिलं असतं तर सांगलीकरांना आधी माघार घेता आली नसती का?

आली असती. मुदत दिली म्हणजे मुदतीनंतर प्रस्ताव आपोआप संपतो. मुदतीआधी मागे घेता येत नाही असं नाही. प्रस्ताव खुला ठेवण्यासाठी नागपूरकरांनी वेगळं काही दिलं असेल, म्हणजे विसार किंवा दुसरा मोबदला, तरच ते वचन बांधून ठेवतं.

सांगलीकर सुरुवातीलाच स्वतःला कसे सांभाळू शकले असते?

एका वाक्याने. "तुमची लेखी मान्यता १२ मार्चपर्यंत आमच्या सांगलीच्या पेढीत पोचली तरच करार झाला असं समजू." यामुळे पत्र टाकण्याच्या क्षणाचं महत्त्व संपतं. इंग्लंडमध्ये होलवेल सिक्युरिटीज विरुद्ध ह्यूजेस, १९७४ या खटल्यात नेमकं असंच झालं. घराच्या मालकाला लेखी सूचना देण्याची अट होती. सूचना टाकली गेली पण पोचली नाही, आणि करार झाला नाही.

आपल्या कलम ७ मध्येही प्रस्ताव देणाऱ्याने स्वीकृतीची पद्धत ठरवली असेल तर ती पाळावी लागते. मात्र इथे एक सापळा आहे. पद्धत पाळली नाही, तर होकार कळल्यावर वाजवी वेळात "आम्ही सांगितलेल्या पद्धतीनेच पाठवा" असं कळवावं लागतं. गप्प बसलात तर तुम्ही ती स्वीकृती मान्य केली असं धरलं जातं. सांगलीकरांनी "टपालाने" म्हटलं आणि नागपूरकरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर "मान्य" लिहिलं, तर सांगलीकरांनी तिथेच हरकत घ्यावी.

फोनवरच्या होकाराला हा टपालाचा नियम लागतो का?

नाही, आणि हे ठरवणारा खटला आपल्या खामगावचा आहे. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या खरेदीदाराने खामगावच्या तेल गिरणीशी सरकीच्या पेंडीचा सौदा फोनवर केला. माल आला नाही, म्हणून त्याने अहमदाबादेत दावा लावला. गिरणी म्हणाली, आम्ही खामगावात होकार दिला, म्हणून करार खामगावात झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बहुमताने ठरवलं की फोनवर दोघे समोरासमोर बोलल्यासारखेच असतात. होकार जिथे ऐकू येतो तिथे करार होतो, म्हणजे अहमदाबादेत. टपाल आणि तार यांचा नियम मात्र न्यायालयाने तसाच ठेवला.

न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत वेगळं होतं. कलम ४ ची भाषा फोनलाही लागू पडते आणि शब्द खामगावहून निघाले तेव्हाच स्वीकृती गिरणीच्या हाताबाहेर गेली, असं ते म्हणाले. कायदा १८७२ चा, टेलिफोनचं पेटंट १८७६ चं. त्यामुळे हा वाद होणारच होता. तो निकाल पूर्ण वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण दोन्ही बाजू कलमाच्या त्याच शब्दांवर उभ्या आहेत.

आपल्या हळदीच्या सौद्यात होकार टपालाने गेला, म्हणून करार टिकला असता तर तो नागपूरला झाला असं धरलं गेलं असतं, आणि दावा कुठे लावायचा याला त्यामुळे आधार मिळाला असता.

मध्येच एक पक्ष वारला तर?

सांगलीकर ६ तारखेला वारले आणि नागपूरकरांना ते माहीत नव्हतं, तर ७ तारखेचा होकार चालतो. माहीत झाल्यावर दिलेला होकार चालत नाही.

हे सगळं न्यायालयात दाखवायचं कसं?

वेळेवर पैज असली की पुराव्यालाही वेळ असावी लागते. नागपूरकरांनी स्पीड पोस्टची पावती जपावी; तिच्यावर तारीख आणि वेळ असते. पत्राची प्रत आणि पोचल्याची नोंद तिच्यासोबत ठेवावी, आणि ऑनलाइन माग दिसतो तेव्हाच त्याचं पान छापून घ्यावं, कारण तो कायम दिसत राहत नाही. सव्वादहाच्या फोनची नोंद फोनच्या बिलात मिळते, पण काय बोललो ते मिळत नाही. म्हणून फोन ठेवताच मेसेज टाकावा: "आत्ता १०.१५ ला बोललो त्याप्रमाणे आमचा ७ तारखेचा होकार मागे घेतला आहे."

सांगलीकरांनी आलेला लिफाफा फेकू नये. पत्र नीट फायलीत लावलेलं असतं, पण कोणत्या दिवशी आलं हे सांगणारा शिक्का लिफाफ्यावर असतो. आणि आवक नोंदवहीत फक्त तारीख न लिहिता वेळही लिहावी. या व्यवहारात १०.१५ आणि १२.३० यांच्यामध्ये ५० क्विंटल हळद होती, आणि १० मार्च ही तारीख दोन्हीकडे एकच होती.